खोक्यातलं कार्ड आणि डब्यावरचं स्टिकर

ऑनलाइन मागवलेल्या चकलीचं खोकं घरी आलं की टेप कापली जाते, वरचा कागद बाजूला होतो, पाकीट निघतं आणि कुणीतरी उभ्याउभ्याच एक चकली मोडून तोंडात टाकतं. बाकीची चकली डब्यात जाते. खोकं, बबल रॅप आणि सोबत आलेलं ‘धन्यवाद’ कार्ड संध्याकाळपर्यंत रद्दीत किंवा केरात गेलेलं असतं. चकली पुन्हा मागवावी असं घरात वाटतं ते डब्याचा तळ दिसायला लागल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी. त्या वेळी कार्ड हाताशी नसतं.

फराळाचे आणि खाऊचे पदार्थ घरून विकणारे किती तरी उद्योग आज महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या खोक्यांतली कार्डं मी आवर्जून जपून ठेवते. बहुतेक कार्डांवर एकाच वेळी पाच कामं सोपवलेली असतात: आभार, दहा टक्के सूट, इन्स्टाग्रामवर फॉलो करा, पाच तारे द्या, मैत्रिणींना सांगा. वाचणाऱ्याची नजर कार्डावर काही सेकंद टिकते. तेवढ्यात पाचांपैकी एकही गोष्ट नीट पोचत नाही. माझं म्हणणं असं की इथे कामं दोन आहेत आणि त्यांच्या वेळाही दोन आहेत. खोकं उघडताना अभिप्राय मागायचा, आणि डबा रिकामा होताना पुढची ऑर्डर. म्हणून छापायच्या वस्तूही दोन हव्यात. खोक्यात एक कार्ड आणि डब्यावर चिकटवायला एक स्टिकर.

उदाहरणासाठी सांगलीतला एक लहानसा उद्योग डोळ्यांसमोर आणू. भाजणीची चकली हा त्यांचा मुख्य माल. अर्धा किलोचं पाकीट ३८० रुपयांना, कुरिअर पुणे, मुंबई, बेंगळुरूपर्यंत. थोडी विक्री स्वतःच्या वेबसाइटवर आणि व्हॉट्सअॅपवर, थोडी एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारावर.

आधी कार्ड. ‘प्रिय ग्राहक, आमच्या परिवाराचा भाग झाल्याबद्दल मनःपूर्वक आभार’ ही ओळ कुठल्याही मालाबरोबर चालते, म्हणून ती कुणी वाचत नाही. चकली घेणाऱ्याला चकलीबद्दल काही कळलं तर तो थांबतो. सांगलीच्या या उद्योगासाठी मी लिहिलं असतं ते कार्ड असं:

‘नमस्कार. ही चकली ____ तारखेला तळली. तळणाऱ्या: ____. पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. हवेने मऊ पडली तर मंद आचेवर तव्यात दोन-तीन मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावर खा. चार-पाच चकल्या खाऊन झाल्या की आम्हाला दोन ओळी लिहा: तिखट बरोबर होतं का, खुसखुशीत पोचली का, चुरा किती झाला. जसं वाटलं तसं लिहा.’

खाली एकच क्यूआर कोड आणि फोन नंबर. एवढंच.

यातल्या दोन रिकाम्या जागा हाताने भरायच्या. तारीख आणि तळणाऱ्या बाईंचं नाव पेनाने लिहिलेलं असलं की कार्ड छापील पत्रकासारखं वाटत नाही, आणि खोटं काही सांगावंही लागत नाही. डब्यात काढण्याची सूचना केवळ सौजन्याची नाही. चकलीबद्दलच्या तक्रारी बहुतेक मऊपणाच्या आणि मोडतोडीच्या असतात. मऊपणा पुष्कळदा उघडं पाकीट तसंच ठेवल्यामुळे येतो. तव्यावरचा उपाय आधीच सांगून ठेवला तर ‘मऊ निघाली’ असा अभिप्राय लिहिण्याआधी ग्राहक तो करून पाहतो.

तीन नेमके प्रश्न विचारण्याचंही कारण आहे. ‘आपला अभिप्राय कळवा’ म्हटलं की लोक ‘छान’, ‘मस्त’, ‘आवडलं’ एवढंच लिहितात. पुढच्या खरेदीदाराला त्याचा काही उपयोग नसतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की लहान मुलांना तिखट लागेल का, आणि इतक्या लांबून येताना चुरा होतो का. ‘बेंगळुरूला चार दिवसांनी पोचली, वरच्या तीन-चार तुटल्या होत्या, बाकी अख्ख्या’ असं वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त विश्वास देतं, कारण त्यात वाईटही सांगितलेलं आहे.

आता नियमांचा भाग. इथे भले भले चुकतात. आपल्याकडे हॉटेलांच्या गल्ल्यामागे एक पाटी असायची: आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा. तेच कार्डावर जसंच्या तसं उतरतं. ‘आवडलं? गूगलवर पाच तारे द्या. नाही आवडलं? या नंबरवर व्हॉट्सअॅप करा.’ गल्ल्यामागे पाटी म्हणून त्यात काही वावगं नाही. पण गूगलच्या धोरणात खूश ग्राहकांनाच निवडून रिव्ह्यू मागणं आणि वाईट रिव्ह्यू लिहिण्यापासून परावृत्त करणं, दोन्ही मना आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा फुकट माल देणंही तिथे चालत नाही. त्यामुळे ‘रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये मिळवा’ ही सर्रास दिसणारी ओळ कार्डावर छापूच नये.

मग नाराज ग्राहकाला वाट कुठली द्यायची? जी सगळ्यांना तीच. फोन नंबर आणि रिव्ह्यूचा कोड एकाच कार्डावर, एकमेकांशेजारी, कुठलीही अट न घालता. ‘पाकीट फाटलेलं किंवा चकलीचा चुरा झालेला असेल तर फोटो पाठवा, बदलून देऊ’ असं लिहायला हरकत नाही, कारण ती सेवा आहे. तक्रार करणाऱ्याला रिव्ह्यूपासून दूर ठेवलं की ती अडचण होते. फरक बारीक दिसतो, पण कार्डावरची वाक्यं लिहिताना तो सतत मनात ठेवावा लागतो.

मोठ्या ऑनलाइन बाजारांचं वेगळंच. अॅमेझॉनने मोबदला देऊन मिळवलेले रिव्ह्यू २०१६च्या ऑक्टोबरात बंद केले. त्याला त्यांच्या स्वतःच्या ‘वाइन’ योजनेचा तेवढा अपवाद आहे. तिथल्या विक्रेत्याने खोक्यात कार्ड घातलं तर त्यावर फक्त चांगला रिव्ह्यू मागता येत नाही आणि ग्राहकाला स्वतःच्या वेबसाइटकडे वळवताही येत नाही. नियम मोडला तर खातं बंद पडू शकतं. म्हणून सांगलीच्या उद्योगाला दोन कार्डं ठेवावी लागतील. स्वतःच्या ऑर्डरींसाठी वरचं कार्ड, आणि बाजारातल्या ऑर्डरींसाठी फक्त चकली कशी ठेवावी हे सांगणारं, नंबर-कोड काहीही नसलेलं. अभिप्राय मागण्यासाठी अॅमेझॉनवर विक्रेत्याला ‘Request a Review’ हे बटण दिलेलं आहे. माल पोचल्यावर पाच ते तीस दिवसांच्या आत ते दाबता येतं. चकली खाऊन झाल्यावरची वेळ त्यात नेमकी सापडते. पॅकिंग करणाऱ्याच्या हातून दोन कार्डांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींचा रंग वेगळा ठेवावा.

घरच्या माणसांनी किंवा कामावरच्या मुलीने ग्राहक म्हणून रिव्ह्यू टाकणं हे तर सरळ कायद्याबाहेर आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायचा नाही, हे २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाकिटावर छापायला कचरणारी माणसं कार्डावर मोकळेपणी लिहितात: ‘मधुमेहींना चालेल’, ‘पचनाला उत्तम’. अन्नसुरक्षा कायद्याच्या दृष्टीने मालासोबत जाणारा छापील मजकूरही लेबलिंगमध्ये मोडतो. जो दावा पाकिटावर सिद्ध करता येणार नाही, तो कार्डावरही करू नये.

आता स्टिकर. डब्यावर चिकटवायचं असल्याने त्याला तेलकट हात लागणार, ओल्या फडक्याने पुसलं जाणार. साध्या कागदी स्टिकरची तिथे दोन आठवड्यांत लगदा होऊन साल निघते. थोडा जास्त खर्च करून प्लास्टिक फिल्मचं, म्हणजे व्हिनाइलचं स्टिकर घ्यावं आणि गोंद सहज निघणारा मागावा. स्टीलच्या डब्यावर चिकट डाग राहिला तर तो काढणारी गृहिणी ब्रँडचं नाव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवेल. आकार सहा सेंटिमीटरच्या आसपास. मजकूर: ‘भाजणी चकली. उघडल्याची तारीख ____. संपत आली? इथे स्कॅन करा किंवा फोन करा.’ उघडल्याची तारीख लिहायला जागा दिली की स्टिकर चिकटवण्याचं घरच्यांनाही कारण मिळतं. एरवी कुणी दुसऱ्याची जाहिरात आपल्या डब्यावर का लावेल? स्टिकर झाकणावर लावा असं कार्डात एका ओळीत सांगावं. गोल डब्याच्या अंगावर कोड वळतो आणि स्कॅन होत नाही. किंमत मात्र छापू नये. तेलाचे भाव हलले की ती खोटी ठरते. ग्राहक चकली पाकिटातच ठेवत असतील, म्हणजे पाकीट झिपचं असेल, तर वेगळं स्टिकर नकोच. पाकिटाच्या मागच्या लेबलावर हाच मजकूर बसवावा.

फोन नंबर मोठ्या आकड्यांत हवा. चकली मागवणारा मुलगा असतो, पण डबा उघडणारी आई असते. ती स्कॅन करण्याच्या भानगडीत पडणार नाही, सरळ फोन लावेल.

क्यूआर कोडमध्ये मराठी माणसाची एक खास फजिती होते. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात ग्राहकाच्या वतीने निरोप आधीच भरून ठेवता येतो. कुणीही म्हणेल, तिथे ‘पुन्हा चकली हवी’ असं लिहू. पण दुव्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा आणि पायमोडकी खूणसुद्धा, नऊ रोमन अक्षरांत बदलतं. त्या तीन शब्दांची जवळपास सव्वाशे अक्षरं होतात. कोडात जेवढी अक्षरं जास्त तेवढे चौकोन जास्त आणि बारीक, आणि लहान स्टिकरवर साध्या फोनला ते वाचता येत नाहीत. त्यापेक्षा एवढंच पुरे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=C1
```

C म्हणजे चकली, 1 म्हणजे पहिल्या छपाईचं स्टिकर. निरोप आला की कुठून आला ते कळतं. कार्डावरच्या आणि स्टिकरवरच्या कोडांना वेगवेगळी खूण दिली की कोणतं काम करतंय तेही दिसतं. कोडाची बाजू निदान अडीच सेंटिमीटर असावी, पांढऱ्यावर काळा, आणि चारही बाजूंनी कोरी जागा सोडलेली. ती जागा नक्षीने भरण्याचा मोह डिझायनरला फार होतो, आणि कोड वाचला न जाण्याचं ते एक नेहमीचं कारण असतं. इंटरनेटवर फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवा मुदत संपली की कोड बंद करतात किंवा पैसे मागतात. हजार स्टिकर छापून झाल्यावर हे कळलं तर ती हजारही वाया जातात. म्हणून कोडात थेट आपला दुवा असावा, मधला कुणी नको.

व्हॉट्सअॅपवर एक छोटी ओळ मात्र अवश्य जोडावी: ‘आमचा नंबर सेव्ह करा.’ व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमधून ब्रॉडकास्ट लिस्टवर पाठवलेला निरोप फक्त अशाच ग्राहकांना पोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्याचा निरोप निम्म्यांना गेलाच नाही अशी तक्रार करणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं.

छपाईचं म्हणाल तर ए-सहा आकार, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, सोयीचा पडतो. १३ बाय १९ इंचाच्या डिजिटल शीटवर अशी आठ कार्डं बसतात. एक बाजू चकचकीत चालेल, पण ज्या बाजूवर तारीख लिहायची ती कोटिंग नसलेली हवी, नाहीतर पेनाची शाई पसरते. अक्षरं अकरा पॉइंटच्या खाली नेऊ नयेत. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले फाँट फुकट मिळतात आणि लहान आकारातही नीट वाचता येतात. प्रेसमध्ये जुनं सॉफ्टवेअर असेल तर युनिकोडमधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. आपल्याकडून फाइल देताना अक्षरांचं रेखांकनात रूपांतर करून द्यावं, आणि तरीही पहिलं कार्ड कागदावर पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. ‘तळली’ची ‘तळली’च राहिली आहे का, ते स्क्रीनवर कळत नाही.

कार्ड ठेवायचं खोक्याच्या अगदी वर, झाकणाखाली. पाकिटाच्या आत मुळीच नाही. छापील पृष्ठभाग खाण्याला थेट लागू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांचा दंडक आहे. शिवाय चकलीच्या तेलाने कार्ड तासाभरात पारदर्शक होतं ते वेगळंच.

राहता राहिली सूट. ‘पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के’ हे प्रत्येक कार्डावर असतं, कारण ते प्रत्येक कार्डावर असतं. सांगलीच्या उद्योगाचा हिशेब मांडून पाहू. एका पाकिटावर माल, मजुरी, पॅकिंग, कुरिअर जाऊन ११० रुपये सुटतात असं धरू. कार्ड आणि स्टिकर मिळून पाच रुपये. दोनशे खोक्यांत घातलं तर खर्च हजार रुपये. तो भरून यायला दहा जादा ऑर्डरी लागतात. आता दहा टक्क्यांचं कूपन जोडलं आणि ते तीस जणांनी वापरलं. प्रत्येकी ३८ रुपयांप्रमाणे ११४० रुपये गेले. एकूण खर्च २१४०, आणि तो भरायला वीस जादा ऑर्डरी. पण त्या तिसांतले बरेच जण कूपन नसतं तरी परत आलेच असते, कारण त्यांना चकली आवडली होती. त्यांना दिलेली सूट म्हणजे हातातला नफा देऊन टाकणं.

‘जादा’ किती, हे कळण्यासाठी कार्डाशिवाय किती लोक परत येतात ते माहीत असावं लागतं. त्याचा सोपा उपाय आहे. महिनाभर विषम क्रमांकाच्या बिलांबरोबर कार्ड-स्टिकर घाला, सम क्रमांकांबरोबर घालू नका, आणि पुढचे साठ दिवस वहीत नोंद ठेवा. समजा कार्डवाल्या दोनशेंपैकी ३६ परत आले आणि बिनकार्डवाल्या दोनशेंपैकी २८. छत्तीस हा आकडा एकटा पाहिला तर कार्डाचं यश वाटेल. कार्डाच्या वाट्याला येतात ते फक्त आठ, म्हणजे हजार रुपये खर्चून ८८० रुपये मिळाले. शिवाय दोनशेंच्या गटात आठचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून लगेच कार्ड बंदही करू नये आणि पाच हजार छापूही नयेत. आणखी एक महिना तसंच चालवून बघावं.

हा प्रयोग दिवाळीच्या महिन्यात करू नये. दिवाळीत चकली मागवणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षातून एकदाच मागवतात आणि साठ दिवसांत ते परत येणारच नसतात. त्या हंगामातली अनेक खोकी भेटीची असतात. पैसे भरणारा पुण्यात, खोकं उघडणारे नागपुरात. तिथे अभिप्राय मागणारं कार्ड चुकीच्या हाती पडतं, आणि बिल तर आत घालायचंच नसतं. भेटीच्या खोक्यात कार्डाच्या वरच्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याचा निरोप हाताने लिहावा. स्टिकर मात्र तसंच ठेवावं. भेट आलेली चकली ज्यांना आवडली, त्यांना ती कुठून आली हे पाठवणाऱ्याला न विचारता कळायला हवं.